हळदीचा लाल झालेला डाग : एकाच तेलाने डागाळलेला सुती सदरा आणि रेशमी ओढणी

हळद घातलेले गरम तेल भांड्यातून उसळले आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन व्यक्तींच्या कपड्यांवर उडाले. एकाचा पांढरा सुती सदरा होता, दुसरीची फिकट साय-रंगाची, साध्या विणीची, जर नसलेली रेशमी ओढणी. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सुमारे चौदा तासांनी, हे दोन्ही कपडे माझ्याकडे आले. सदऱ्यावर छातीपाशी तळहाताएवढा एक डाग होता आणि त्याला अजून पाणीही लागलेले नव्हते. ओढणीवर तीन डाग होते. त्यांतील दोन जसे पडले तसेच होते; तिसऱ्यावर मात्र घरी कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासण्यात आली होती. घासताच पिवळा डाग गडद तांबडा झाला, ते पाहून घाबरून तो आणखी जोराने चोळला गेला, आणि अखेर ओलीच ओढणी गुंडाळून माझ्यापर्यंत पोहोचली.

कपड्यांची निगा हाच माझा व्यवसाय असल्याने हळदीचे डाग मला नवीन नाहीत, परंतु एकच तेल, एकच क्षण आणि दोन वेगळे तंतू अशी जोडी क्वचितच हाती येते. शिवाय ओढणीवरच साबण लागलेला आणि न लागलेला असे दोन्ही प्रकारचे डाग असल्यामुळे, काय केल्याने काय झाले हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

डाग एक नव्हे, दोन

अशा डागात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या उपायांनी निघतात. पहिली गोष्ट तेल. दुसरी हळदीतील पिवळे रंगद्रव्य, कुरक्युमिन. हे रंगद्रव्य साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. त्यामुळे गरम तेल हे केवळ डागाचा एक भाग नसते. रंगाला धाग्याच्या आत नेणारे वाहनही तेच असते. तेल तापले की पातळ होते आणि थंड तेलापेक्षा कितीतरी खोल शिरते. तेल शिल्लक असेपर्यंत रंगाचा बराचसा भाग त्यातच विरघळलेला राहतो आणि पाण्यातून काम करणारे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तंतू कोणताही असो, आधी तेल आणि नंतर रंग हा क्रम मी मोडत नाही.

कुरक्युमिनचे आणखी दोन गुण या प्रकरणात निर्णायक ठरले. एक म्हणजे ते आम्ल आणि उदासीन द्रावणात पिवळे असते, पण पाण्याचा पीएच साधारण साडेसात ते साडेआठच्या पुढे गेला की तांबडे होते. कपड्याच्या साबणाच्या वडीचे द्रावण नऊ-दहा पीएचपर्यंत जाते, त्यामुळे साबण लागताच डाग लाल होणे अटळच आहे. दुसरे म्हणजे ते नाजूक रंगद्रव्य आहे: अल्कधर्मी द्रावणात ते हळूहळू तुटत जाते, आणि प्रकाशातही ते विटते. हळदीने रंगवलेले कापड लवकर फिके पडते, ते याच कारणाने.

या दोन गुणांमुळे हळदीचा डाग आपण कोणत्या द्रावणात आहोत हे स्वतःच सांगत असतो. हा तांबडा रंग सुती कापडावर दिसला तर त्याचा अर्थ एक, आणि रेशमावर दिसला तर अगदी उलटा.

दोन तंतू

सुती धागा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज अल्कलीला चांगले तोंड देते, गरम पाणी सोसते आणि ओले झाल्यावर उलट अधिक मजबूत होते. त्याला धोका आम्लाचा आणि अतिरिक्त विरंजनाचा असतो. परंतु कापसाचा तंतू रचनेने गुंतागुंतीचा आहे: तो पीळ पडलेल्या चपट्या नळीसारखा असून आत पोकळी असते. गरम तेल धाग्यांच्या फटींत तर शिरतेच, शिवाय काही अंशी तंतूच्या पोकळीतही जाते, आणि तिथून ते काढायला वेळ लागतो.

रेशीम हे प्रथिन आहे. त्याच्या तंतूत फायब्रॉइन असते, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. या साखळ्यांचे सांधे अल्कलीत तुटतात, आणि द्रावण जितके तीव्र व गरम तितके ते लवकर तुटतात. कच्च्या रेशमावरचा डिंक काढण्यासाठी ते साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यातच शिजवले जाते. तो डिंकही प्रथिनच असतो, फक्त फायब्रॉइनपेक्षा कमी टिकाऊ. म्हणजे डिंक सुटतो ते पाणी आणि तंतू बिघडतो ते पाणी यांत अंतर आहे, पण फार मोठे नाही, आणि कारखान्यात ते अंतर मोजून सांभाळतात, तर घरातल्या बादलीत ते कोणी मोजत नाही. रेशीम ओले झाले की त्याची ताकद घटते, म्हणून ओल्या रेशमाला चोळणे हे कोरड्या रेशमाला चोळण्यापेक्षा अधिक घातक असते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रेशमाचा तंतू भरीव आणि गुळगुळीत असतो, त्यात पोकळी नसते. त्यामुळे तेल तंतूंच्या मधे अडकते आणि सौम्य डिटर्जंटनेही बऱ्यापैकी सुटते. रंगद्रव्य मात्र प्रथिनाला घट्ट धरते. हळद सुताला रंगवते, पण रेशमाला ती अधिक गडद रंगवते. माझा अनुभव असा आहे की सुतात तेल हट्टी आणि रंग सोपा, तर रेशमात तेल सोपे आणि रंग हट्टी. दुर्दैव इतकेच की ज्या उपायांनी रंग भराभर जातो ते जवळजवळ सगळे रेशमाला मारक आहेत.

सदरा

सदरा आधी भिजवला नाही. कोरड्या डागावरच भांडी घासण्याचे द्रवरूप डिटर्जंट थेट ओतले, कारण आधी पाणी लागले तर धाग्यांच्या फटी पाण्याने भरतात आणि डिटर्जंट तेलापर्यंत विरळ होऊन पोहोचते. बोटांच्या टोकांनी ते दोन्ही बाजूंनी मुरवले आणि पंधरा मिनिटे तसेच ठेवले. नंतर चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात धुऊन तोच प्रकार पुन्हा एकदा केला. पहिल्या खेपेनंतर कापड वाळवून उजेडासमोर धरले असता डागाचा मधला भाग किंचित पारदर्शक दिसत होता, म्हणजे तिथे तेल होते. दुसऱ्या खेपेनंतर ती पारदर्शकता गेली. रंग तोपर्यंत फारसा हललेला नव्हता, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर चार लिटर पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवून त्यात दोन मोठे चमचे, साधारण तीस ग्रॅम, सोडियम परकार्बोनेट विरघळवले. बाजारात ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या पुडीत मुख्यतः हेच असते. पाण्यात विरघळल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो, आणि द्रावणाचा पीएच साडेदहाच्या आसपास जातो. सदरा त्यात बुडवताच डाग विटेसारखा लाल झाला. इथे हा रंग हवाच होता. तांबडे झालेले कुरक्युमिन पाण्यात अधिक विरघळते, अधिक वेगाने तुटते आणि पेरॉक्साइडलाही लवकर बळी पडते. तासाभराने लाल रंग फिका झाला, दोन तासांनी फक्त पुसट पिवळसर छटा राहिली.

ती छटा काढण्यासाठी सदरा स्वच्छ पाण्यात विसळून ओलाच उन्हात घातला. तीन तासांत ती गेली. ऊन आणि ओल एकत्र असली की हळदीचा रंग विशेष वेगाने विटतो, म्हणून असे कपडे पिळून, पण ओलसर ठेवूनच उन्हात टाकावेत.

इस्त्री शेवटपर्यंत केली नाही. तेल उरलेल्या जागी गरम इस्त्री फिरली तर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पिवळट, चिवट थर तयार होतो आणि मग तो कोणत्याही डिटर्जंटला दाद देत नाही. गरम हवेच्या ड्रायरचेही तसेच.

क्लोरीनच्या ब्लीचनेही हा डाग गेला असता, कदाचित अर्ध्या वेळात. पांढऱ्या सुतावर ते विरळ प्रमाणात चालते, परंतु थोडे जास्त झाले की सेल्युलोज ठिसूळ होते, आणि परकार्बोनेटने काम होत असताना तो धोका घ्यायचे कारण मला दिसत नाही.

ओढणी

ओढणी हाती आली तेव्हा पहिले काम डाग काढण्याचे नव्हते, तिसऱ्या डागातला साबण काढण्याचे होते. डाग तांबडा होता याचा अर्थ तिथे अजून अल्कली होती, आणि ती रात्रभर तिथेच बसून होती. सुतावर जो रंग मी दोन तास तसाच राहू दिला, तोच रेशमावर दिसला की हातातले काम थांबवावे लागते. संपूर्ण ओढणी थंड पाण्यात दोनदा विसळली. मग दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घालून त्यात दोन मिनिटे ठेवली. तांबडा डाग पिवळा झाला.

ते पाहून ओढणीच्या मालकीणबाईंना वाटले की डाग निघू लागला. मला त्यांना सांगावे लागले, ‘ताई, रंग कमी झालेला नाही, फक्त बदललेला आहे. आता धागा सुरक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ.’ हा गैरसमज फार सामान्य आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने लाल डाग पिवळा होतो म्हणून ते हळदीवरचे औषध समजले जाते. ते रंगद्रव्य काढत नाही. उलट आम्लात कुरक्युमिन अधिक स्थिर राहते. रेशमावर आम्लाचे काम फक्त अल्कली मारण्याचे, आणि विसळल्यानंतर झिलई परत आणण्याचे.

ओढणी टॉवेलमध्ये गुंडाळून, न पिळता, सावलीत वाळवली. वाळल्यावर दोन अस्पर्शित डागांवर शंखजिऱ्याची पूड पसरून दोन तास ठेवली. इतक्या तासांनी पूड फारसे तेल ओढत नाही, तरी पृष्ठभागावरचे थोडे तेल तिने घेतले. मग तीन लिटर पाणी तीस अंशांच्या आत ठेवून त्यात एक छोटा चमचा उदासीन द्रव डिटर्जंट घातले. हे डिटर्जंट निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याचा पीएच सातच्या आसपास असावा, आणि त्यात एन्झाइम नसावेत. डाग काढण्यासाठी अनेक पावडरींमध्ये प्रोटीएझ नावाचे, प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. त्याला घामातले प्रथिन आणि रेशमातले प्रथिन यांत फरक करता येत नाही. एका धुण्यात काही दिसणार नाही, पण काही धुण्यांनंतर कापड मऊ न होता निस्तेज आणि विरळ होते.

पट्टीने पीएच तपासता येतो, परंतु या कामात वेगळ्या पट्टीची गरजही नव्हती. डाग पाण्यात पिवळाच राहिला, त्यावरून द्रावण योग्य असल्याचे कळले. तो किंचितही नारिंगी झाला असता तर मी ओढणी लगेच बाहेर काढली असती.

पाच मिनिटे ओढणी पाण्यात वर-खाली हलवली, चोळली नाही. पूर्ण कापड ओले करण्याचेही कारण आहे: रेशमाचा फक्त एक भाग ओला केला तर त्या भागाच्या कडेला पाण्याची रेघ उमटते, आणि डाग गेला तरी रेघ राहते. विसळून वाळवल्यावर तिन्ही डागांतील पारदर्शकता नाहीशी झाली होती. सुताला जे दोन खेपांत आणि अधिक गरम पाण्यात जमले, ते रेशमात एका सौम्य धुण्यात झाले. रंग मात्र जवळजवळ तसाच पिवळा होता.

रंगासाठी अल्कोहोल वापरले. आधी ओढणीच्या काठाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून त्यावर पांढरे सुती कापड मिनिटभर दाबले आणि ओढणीचा स्वतःचा रंग उतरत नाही ना हे पाहिले. उतरला असता तर पुढे गेलो नसतो. नंतर डागाखाली टिपकागद ठेवून उलट बाजूने, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाने टिपत गेलो. डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपायचे, आणि टिपकागदावर पिवळा रंग उमटला की कागदाची जागा बदलायची, नाहीतर तोच रंग परत वर येतो. सहा-सात वेळा टिपल्यावर कागदावर रंग यायचा थांबला. डाग साधारण निम्मा उतरला होता. अल्कोहोल तंतूला इजा करत नाही, पण प्रथिनाने घट्ट धरलेला रंग ते पूर्ण सोडवूही शकत नाही, म्हणून कागद कोरा येऊ लागल्यावर पुढे टिपत राहण्यात अर्थ नव्हता.

उरलेल्या रंगासाठी प्रकाश हा एकच मार्ग होता, आणि इथे सुताचा उपाय जसाच्या तसा चालणार नव्हता. रेशीम उन्हात पिवळे पडते आणि कमजोर होते, विशेषतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे. कुरक्युमिन मात्र प्रामुख्याने जांभळा-निळा दृश्य प्रकाश शोषते, साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा. खिडकीची काच अधिक घातक अशा आखूड अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते आणि हा निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण आत सोडते. म्हणून ओढणी कोरडी करून, फक्त डागांचा भाग उघडा राहील अशा रीतीने बाकीची पांढऱ्या कापडाने झाकून, बंद खिडकीआड ठेवली. रोज दोन-तीन तास, चार दिवस. काच सगळे अतिनील किरण अडवत नाही, त्यामुळे हा काळ मी लांबवला नाही. हा उपाय फक्त पांढऱ्या किंवा साय-रंगाच्या रेशमालाच लागू आहे. रंगीत रेशमात हळदीबरोबर कापडाचा रंगही विटेल आणि मग डागाच्या जागी फिकट ठसा दिसेल.

पेरॉक्साइडचा विचार मी केला होता. तीन टक्क्यांचे पेरॉक्साइड आणखी पातळ करून पांढऱ्या रेशमावर वापरता येते, कारखान्यांतही रेशीम पेरॉक्साइडने शुभ्र करतात. परंतु ते नीट काम करायला थोडी अल्कली आणि उष्णता लागते, आणि तिसरा डाग आधीच अल्कली सोसून आलेला होता. प्रकाशाला वेळ लागतो पण तो कोणत्याही क्षणी थांबवता येतो. पेरॉक्साइडचे तसे नाही.

क्लोरीनच्या ब्लीचबद्दल एवढे सांगणे पुरेसे आहे की सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात रेशीम विरघळते आणि सूत टिकते. मिश्र कापडात प्रथिन-तंतू किती आहे हे मोजण्यासाठी प्रयोगशाळांत हाच गुण वापरला जातो.

निकाल आणि न भरून आलेले नुकसान

दोन अस्पर्शित डाग दिवसाच्या उजेडात दिसेनासे झाले. अतिनील टॉर्चखाली मात्र त्यांच्या जागी अजून हिरवट-पिवळी चमक होती, कारण कुरक्युमिन त्या प्रकाशात चमकते. ही चमक धुण्याच्या पावडरींतील शुभ्रकांच्या निळसर चमकेहून वेगळी ओळखू येते. म्हणजे रंगद्रव्याचा अंश आत आहे, फक्त तो डोळ्याला दिसण्याइतका नाही. सदऱ्यावर तशी चमक आढळली नाही.

तिसऱ्या डागातला पिवळा रंगही जवळजवळ गेला, पण त्याच्या जागी बोटभर लांबीचा पांढुरका, खडूसारखा ठसा उरला. तो ओला केला की नाहीसा होत असे आणि वाळला की परत येत असे. याच खुणेने तो डाग नव्हे हे कळते. तो घासण्यामुळे फुटलेल्या तंतूंचा ठसा असतो: ओल्या, अल्कलीने सैल झालेल्या रेशमावर वडी घासली तेव्हा तंतू उभे चिरून त्यांचे सूक्ष्म धागे वर आले, आणि त्यांच्यावर पडणारा प्रकाश विखुरल्यामुळे ती जागा पांढरी दिसते. ओले असताना पाणी ती फट भरते, म्हणून ती लपते.

अशा ठशावर काहींना पुन्हा डाग काढण्याचे औषध लावावेसे वाटते. त्याने तो वाढतोच. कोरड्या धुलाईच्या द्रावणात अगदी थोडे खनिज तेल मिसळून ते त्या जागेवर फिरवले तर फुटलेले सूक्ष्म तंतू काही काळ खाली बसतात आणि पांढुरकेपणा झाकला जातो. मालकीणबाईंना मी हे सांगितले, आणि हेही सांगितले की पुढच्या धुण्यात ते निघून जाईल, आणि तेल लावलेल्या जागी धूळ लवकर धरेल. त्यांनी विचार करून ते नको म्हटले. ठसा असलेला भाग खांद्यावर घडीच्या आत राहील अशी ओढणी घ्यायचे त्यांनी ठरवले, आणि मी ती घडी घालूनच परत दिली.